शेवटच्या कडव्यात दोर नको

मागच्या उन्हाळ्यात मी एक गाणं लिहिलं आणि ते गाऊन एका बाईला बैठकीतून उठून जायला लावलं. गाणं वाईट नव्हतं. यमकं जुळत होती, चाल सोपी होती, पोरांनी मोबाईल वर धरले होते. तरी ते गाणं खोटं होतं. ते कुठे खोटं होतं हे कळायला मला दोन महिने लागले. आता कळलंय, म्हणून भांडायला बसलोय. आधी स्वतःशी, मग वऱ्हाडावर गाणी लिहिणाऱ्या बाकी सगळ्यांशी.

आमचं गाव नांदगाव पेठ. अमरावतीहून नागपूरकडे निघालात की टोलनाका लागतो, ते. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कपाशी आणि तूर. मी इंजिनिअरिंग करून पुण्यात कोड लिहितो. सुट्टीत घरी आलो की गावच्या भजन मंडळात खंजिरी धरतो. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच रस्त्यावर पुढे आहे, त्यामुळे इकडे खंजिरी घरोघरी सापडते. मंडळातल्या काकांनी सांगितलं, "लय झाले तेच ते भजनं. तू शिकेल हायेस, एखांदं आपलं गाणं बसव." म्हणून मी एक यादीचं गाणं लिहायला घेतलं.

यादीचं गाणं म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रत्येक कडव्यात एक वस्तू किंवा एक माणूस येतो. धृपद तेच राहतं. पुढच्या कडव्यातली गोष्ट आधीच्यापेक्षा जड असते, आणि शेवटच्या कडव्यात जे येतं ते ऐकणाऱ्याला अपेक्षित नसतं. ऐकायला हे सोपं वाटतं. चार वस्तू, एक धृपद, एक धक्का, झालं गाणं. कॉलेजच्या गॅदरिंगपासून रील्सपर्यंत सगळीकडे हाच माल चालतो. माझं म्हणणं आहे की यातली बहुतेक गाणी यादी नसतात, ढीग असतात.

ढीग आहे की यादी, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. मी इंजिनिअर असल्यामुळे ती लॅपटॉपवर केली. गाण्याची कडवी एका लिस्टमध्ये टाकली आणि random.shuffle चालवलं. तुम्ही चिठ्ठ्या टाकून करा, तेवढंच काम होतं. क्रम उलटापालटा करून गाणं म्हणून बघा. कुठेच काही मोडलं नाही, तर तुमच्याकडे कडवी आहेत, गाणं नाही. गेल्या काही वर्षांत मी सेव्ह करून ठेवलेली 'गावाकडची' गाणी मी अशी फिरवून बघितली. चुलीवरची भाकर आधी आली काय आणि विहिरीचं पाणी आधी आलं काय, कशालाच धक्का लागत नव्हता. शेवटचं कडवं तेवढं जागचं हलत नव्हतं, कारण त्यात माय किंवा दोर होता.

आता खरी यादी बघू. एकनाथांचं रोडग्याचं भारूड तुम्ही ऐकलेलं असणार. एक सासुरवाशीण भवानीला नवस बोलते. आमच्या वऱ्हाडात रोडगा म्हणजे नुसतं नवसाचं नाव नाही, तो आम्ही खातो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, राख झटकून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कुणाच्या शेतात किंवा देवळापाशी रोडग्यांचा कार्यक्रम असला की सगळी गल्ली जाते. म्हणजे या बाईनं देवीला कबूल केलेली किंमत किती, तर हातात मावेल एवढी. आणि ती शेवटपर्यंत तेवढीच राहते.

मागणी मात्र वाढत जाते. गाणाऱ्यागणिक पाठ थोडा बदलतो, पण प्रचलित पाठात क्रम साधारण असा आहे. सासरा परगावी गेलाय, तो तिकडेच संपू दे. सासू छळते, तिचा निकाल लाव. जाऊ तोंडाळ आहे, तिला विधवा कर. इथपर्यंत वजन सरळ चढतंय. मग येतं नणंदेचं पोर. ते किरकिर करतं, म्हणून त्याला काय व्हावं? खरूज! तीन माणसांच्या मरणाचं मागून झालं आणि इथे बाई खरजेवर उतरली. लोक हसतात ते इथे. आणि हसून तोंड उघडं असतानाच पुढचं कडवं येऊन आदळतं. त्यात नवरा आहे.

हे भारूड मी पन्नासदा ऐकलं असेल. पण त्यातली क्रियापदं मी पहिल्यांदा बघितली ती माझं गाणं पडल्यावर. सासरा, सासू, जाऊ यांचं जे काय करायचं ते देवीनं करायचं आहे. बाई फक्त मागते. नवऱ्यापाशी आल्यावर ती म्हणते की त्याला मारून मीच आहुती देईन. काम आता तिच्या हाती आलं. म्हणजे वजन नुसतं माणसांच्या नात्यानं वाढत नाही. ते अंतरानं वाढतं. पहिला बळी दुसऱ्या गावात, डोळ्याआड. शेवटचा तिच्या घरात, तिच्या हातानं. सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत ती पायरीपायरीनं घरात येते.

आणि मग शेवट. नाथांची नाममुद्रा येते आणि बाई म्हणते, सगळेच जाऊ दे, मला एकटीला राहू दे. इथे नवं माणूस एकही नाही. घरातली माणसं संपली. उरली ती बोलणारी, जी पहिल्या ओळीपासून समोर उभी होती आणि जिला आपण यादीत मोजलंच नव्हतं. कीर्तनकार याचा अर्थ सांगतात की ही नाती म्हणजे विकार, आणि एकटं उरणं म्हणजे आत्म्याचं उरणं. तो अर्थ घ्या किंवा एका कंटाळलेल्या बाईचा घ्या, रचना तीच राहते. धक्का बाहेरून आणलेला नाही.

याच जातीचं एक गाणं ज्यू कुटुंबं वल्हांडणाच्या रात्री जेवणानंतर म्हणतात, हद गद्या नावाचं. बापानं दोन नाण्यांना घेतलेलं करडू मांजर खाते, मांजराला कुत्रा चावतो, कुत्र्याला काठी मारते, काठीला विस्तव जाळतो, असं करत करत गाणं मृत्यूच्या दूतापर्यंत आणि शेवटी देवापर्यंत जातं. तिथे दर कडव्याला मागची सगळी यादी परत म्हणावी लागते, आपल्या भारुडात नुसतं धृपद परत येतं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. मृत्यू आला तरी करडाची किंमत दोन नाणीच राहते, आणि नवरा मारला तरी देवीला रोडगाच मिळतो. जे धृपदात आहे ते बदलत नाही, म्हणून कडव्यात काय वाढलं ते मोजता येतं. धृपद हे वजनकाट्यातलं माप आहे. ते मध्येच बदलणारा गाणारा मापात पाप करतो.

आता माझ्या गाण्याकडे येतो.

विषय घेतला उधारीचा. आमच्याकडे एका शेटचं किराणा दुकान आणि शेजारी कृषी केंद्र, दोन्हीचं खातं एकाच वहीत, असं माझ्या लहानपणी पाहिलेलं. शेतकरी दुकानात येतो, वस्तू घेतो आणि म्हणतो, "लिहून ठेवा, शेटजी." तेच धृपद. पाच शब्दही नाहीत, खंजिरीवर सहज बसतं, आणि मागे बसलेले लोक दुसऱ्या कडव्यापासून स्वतःच म्हणायला लागतात.

पहिली चूक मी वजन या शब्दाच्या अर्थात केली. वस्तू चक्क किलोनं लावल्या. पाव किलो साखर, किलोभर डाळ, तेलाचा पिपा, आणि मग युरियाची गोणी, जी आता पन्नासची नाही, २०१८पासून पंचेचाळीस किलोची येते. चढता क्रम एकदम बरोबर. आणि गाणं एकदम मेलेलं. तेलापेक्षा युरिया जड आहे, पण ऐकणाऱ्याच्या छातीवर तो पडत नाही. शफल केल्यावरही काहीच बिघडेना.

मग लक्षात आलं की उधारीत जड काय असतं ते तराजूत दिसत नाही. साखर नाही मिळाली तर चहा गुळाचा होतो. तेल नाही मिळालं तर दिवाळी साधी होते. पण कपाशीच्या बियाण्याची थैली घेतली की परत फिरता येत नाही. ती थैली अर्ध्या किलोच्याही आतली, पिप्यापुढे काहीच नाही. पण तिच्यामागे पाऊस आला पाहिजे, खत आलं पाहिजे, वेचणी आली पाहिजे. जी वस्तू घेतल्यावर मागे जायचा रस्ता बंद होतो ती जड. भारुडातली बाई जशी देवीच्या हातून स्वतःच्या हाती येते, तसंच हे.

म्हणून युरिया काढला. पाहुणे आले म्हणून पाव किलो साखर. दिवाळी आली म्हणून तेलाचा पिपा. मिरग लागला म्हणून बियाण्याची थैली. आणि चौथ्या कडव्यात नवी वस्तूच आणली नाही. तीच थैली परत. पाऊस दडी मारून बसला, उगवलेलं करपलं, दुबार पेरणी. कडवं जवळपास शब्दशः तिसऱ्यासारखंच ठेवलं, फक्त 'आणखी एक' एवढं जास्त. सरावात हे कडवं आलं तेव्हा मागच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. शहरातल्या माझ्या मित्राला मी ते फोनवर म्हणून दाखवलं तर तो म्हणाला, तू तिसरं कडवं चुकून दोनदा म्हटलंस. त्याला दुबार पेरणी माहीत नव्हती. वजन वस्तूत नसून ऐकणाऱ्याच्या अनुभवात असतं याची ही मर्यादा. सगळीकडे सारखं वजन देणारं गाणं लिहिता येत नाही, कुणासाठी लिहितोय ते ठरवावं लागतं.

पाचव्या कडव्यात मी त्याच मित्राचं ऐकलं. तो म्हणाला, "आता शेवटी दोर घे. दुकानातून दोर घेतो आणि म्हणतो लिहून ठेवा. अंगावर काटा येईल, भाई. क्लिप व्हायरल जाईल." मला ते पटलं, हे आज लिहायला लाज वाटते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री देवळासमोर आम्ही ते गाणं म्हटलं. चौथं कडवं संपलं, थैली दुसऱ्यांदा आली, आणि मी पाचव्याचा पहिला शब्द उचलायच्या आत समोर बसलेली एक काकू उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. तिच्या घरात ते घडलेलं आहे. तिला मी काय म्हणणार ते चौथ्यातच कळलं होतं.

तिलाच नाही, सगळ्यांना कळलं होतं. मी नंतर मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघितला. पहिल्या तीन कडव्यांत लोकांचे ओठ धृपदाला हलतात, तसेच हलायला हवेत. शेवटच्या कडव्यात ते हलायचे थांबले, आणि माना खाली गेल्या, दोर हा शब्द येण्याच्या बऱ्याच आधी. हे ओळखायचं पक्कं चिन्ह आहे. धृपद लोकांनी तुमच्या आधी म्हटलं तर गाणं बसलं. वस्तू लोकांनी तुमच्या आधी ओळखली तर गाणं फसलं.

वऱ्हाडावरच्या गाण्यात दोर ही आता सर्वांत अपेक्षित वस्तू आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात आमची अमरावती होती, अकोला होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्या सुमारापासून आमच्या भागाचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाच्या डोक्यात शेवटचं कडवं आधी वाजतं. मग तुम्ही पुढे काहीही ठेवा, साखर, पिपा, थैली, त्याला ते दोराकडे जाणारे बाण वाटतात. साखर साखर राहत नाही. पाहुणे आले होते, चहा झाला होता, कुणीतरी हसलं होतं, हे सगळं पुसलं जातं. ज्या गाण्यानं आमच्या माणसाचं आयुष्य मोजायचं, ते गाणं त्याचं आयुष्य पुरावा म्हणून वापरतं.

यावर मला दोन उत्तरं मिळाली. पहिलं असं की, मग काय वास्तव लपवायचं? नाही. त्या काकूच्या घरात जे झालं त्यावर गाणं लिहायचं असेल तर ते पहिल्या कडव्यात येऊ द्या. पहिल्या कडव्यात दोर ठेवा आणि त्यानंतर तिनं काय काय उचललं त्याची यादी करा. बँकेतला अर्ज, सातबाऱ्यावरचं नाव, पोरीची फी. बघा ते झेपतं का. शेवटी ठेवला की टाळी घेऊन घरी जाता येतं, म्हणून तो शेवटी ठेवतात.

दुसरं उत्तर जास्त हुशार होतं. शेवट धक्कादायक असला पाहिजे तर तो कुणालाच माहीत नसलेला, एकदम बाहेरचा आणा, ट्विस्ट. हेही मला मान्य नाही. रोडग्याचं भारूड चारशेहून जास्त वर्षांचं आहे. त्याचा शेवट ऐकणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. धक्का माहितीत असता तर ते दुसऱ्यांदा कुणी ऐकलं नसतं. त्यातला धक्का हा आहे की शेवटच्या कडव्यानंतर आधीची सगळी कडवी वेगळी दिसायला लागतात. बाहेरून आणलेली वस्तू हे करू शकत नाही, कारण आधीच्या कडव्यांशी तिचा काही संबंधच नसतो. रीलमध्ये शेवटचे पंधरा सेकंद कापून टाकले तरी ट्विस्ट चालतो. भारुडाचं शेवटचं कडवं कापून एकटं ऐकवा, एक बाई एकटं राहायचं म्हणतेय, एवढंच उरतं.

तेव्हा मी दोर काढला आणि गाणं परत उघडलं. नणंदेच्या पोराची खरूज आठवली. माझ्या यादीत खाली उतरणारी पायरीच नव्हती. चढ, चढ, चढ, आणि कडा. दुबार पेरणीनंतर ऐकणारा अंग आवळून बसतो, त्याला सैल करणारं काहीतरी हलकं हवं होतं, आणि ते दुकानातलंच हवं होतं. पाचव्या कडव्यात मी पेन आणलं. पोराची परीक्षा आहे, एक पेन द्या, लिहून ठेवा शेटजी. थैलीवर थैली उधार घेणारा माणूस एका पेनासाठी वही उघडायला लावतो. मंडळात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हशा पिकला. आणि त्या पेनासोबत पोरगा गाण्यात आला, कुणाच्या लक्षात न येता.

सहावं कडवं असं आहे:

पोट्टा शिकला, पोट्टा गेला,
पुण्याले गेला, शेटजी,
लिहून ठेवा.

यात घ्यायची वस्तू नाही. पाच कडवी तो घेत होता, इथे त्याच्याकडून गेलं. धृपद अक्षर न बदलता उलटं फिरतं. मी आधी आणखी दोन ओळी घातल्या होत्या, की शेटजी, हे मात्र जमेच्या बाजूला लिहा. त्या ओळी मला फार आवडल्या होत्या. सरावात त्यांच्यावर कुणी काही बोललं नाही, नुसतं "हो, बराबर हाय" म्हणाले. अर्थ मीच सांगून टाकला होता, त्यांना करायला काही शिल्लक नव्हतं. ओळी काढल्या. मग काकांनी खंजिरी खाली ठेवून विचारलं, "हे नावे का जमा?" मी म्हटलं, तुम्ही सांगा. तर दहा मिनिटं वाद. एक म्हणाला नावे, शिक्षणाचा पैसा गेला. एक म्हणाला जमा, पोट्टा पैसे धाडते. तिसरा म्हणाला वहीच्या बाहेर.

एक अडचण उरली होती, ती गाण्याची नव्हती, म्हणणाऱ्यांची होती. पाच कडवी धृपदाची सवय झालेले मागचे लोक सहाव्यातही घाईनं धृपदावर उडी मारायचे. 'पुण्याले गेला' हे शब्द त्या आवाजात बुडायचे. उपाय काकांनी काढला. सहाव्याला खंजिरी बंद. ठेका थांबला की माणूस आपोआप ओळीसाठी थांबतो. शेवटचं धृपद मी एकट्यानं, मागचे गप्प. त्या गप्पपणात ते धृपद कुणाला उद्देशून आहे ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

पोळ्याच्या दिवशी ते परत म्हटलं. काकू आली होती, मागे बसली होती. चौथ्या कडव्याला मी तिच्याकडे बघितलं नाही, हिंमत नव्हती. पेनावर ती हसली हे आईनं नंतर सांगितलं. शेवटपर्यंत बसली एवढं मी पाहिलं. व्हिडिओ कुणी टाकला नाही, टाकला असता तरी चालला नसता. सहाव्या कडव्यात आवाजच नाही.

बाबा देवळाच्या पायरीवर होते. ते कधी माझ्या गाण्यावर बोलत नाहीत. रात्री जेवताना मी विचारलंच, कसं वाटलं. त्यांनी भाकर मोडली, थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"साखर पाव किलो नव्हती," म्हणाले. "अर्धा किलो होती. तुह्या मामा आला होता तवा."